गीतेवरील टीका : श्लोकाच्या क्रमाने आणि विषयाच्या क्रमाने



'गीता वाचावयाची आहे, कोणता ग्रंथ घ्यावा?' हा प्रश्न मराठी ग्रंथालयातील ग्रंथपालास वर्षातून अनेकदा ऐकावा लागतो. धर्म व तत्त्वज्ञान विभागाच्या कपाटात त्याला देण्याजोगे पुष्कळ ग्रंथ असतात. त्यांपैकी दोन बहुतेक ठिकाणी शेजारी शेजारी उभे असतात. एक ज्ञानेश्वरी आणि दुसरा लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य. दोन्ही गीतेवरचेच ग्रंथ असल्यामुळे कोणताही एक नेला तरी चालेल, असे वाचकास वाटते. परंतु हे दोन ग्रंथ केवळ दोन वेगळ्या मतांचे नाहीत, ते दोन वेगळ्या पद्धतींचे आहेत. एकात गीतेच्या श्लोकांमागून टीका चालते. दुसऱ्यात टीकाकार विषय मांडतो आणि श्लोक त्या विषयामागून येतात. पद्धत बदलली की वाचकाच्या हाती लागणारी गीताही काही अंशी बदलते. हा बदल नेमका कोठे व कसा होतो, ते गीतेतील एका श्लोकाच्या आधारे पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम या दोन पद्धतींचे स्वरूप पाहू. श्लोकवार टीकेची आपल्याकडील परंपरा फार जुनी असून तिचे नियमही ठरलेले आहेत. संस्कृत शास्त्रकारांनी व्याख्यानाची पाच अंगे सांगितली आहेत. पदे सुटी करणे, प्रत्येक पदाचा अर्थ सांगणे, समासांचा विग्रह करणे, वाक्याचा अन्वय लावणे आणि शेवटी शंका उपस्थित करून तिचे समाधान करणे, ही ती पाच अंगे होत. या क्रमामुळे टीकाकारावर एक मोठे बंधन पडते. त्याला न पटणारा, न आवडणारा किंवा त्याच्या सिद्धांताला अडचणीचा श्लोक आला तरी तो ओलांडून पुढे जाता येत नाही. श्लोकातील 'हि', 'तु', 'च' अशा लहान अव्ययांचाही त्याला हिशेब द्यावा लागतो.

विषयवार विवेचनात हे बंधन नसते, पण दुसरे असते. येथे लेखक प्रथम प्रश्न उभा करतो. उदाहरणार्थ, ज्ञान झाल्यावर मनुष्याने कर्म करावे की सोडावे? मग ग्रंथात जेथे जेथे या प्रश्नासंबंधी काही आले असेल, ती सर्व स्थळे तो गोळा करतो, त्यांची तुलना करतो आणि त्यांतून ग्रंथाचे एकंदर तात्पर्य ठरवितो. ही पद्धत आधुनिक काळाची देणगी आहे असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. उपनिषदांतील विखुरलेल्या वाक्यांचा विषयवार समन्वय करण्याचे काम ब्रह्मसूत्रांनी केलेलेच आहे. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, यासाठी मीमांसकांनी कसोट्याही दिल्या आहेत. ग्रंथाचा आरंभ व शेवट कशात आहे, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, नवे काय आहे, फळ कोणते सांगितले आहे, केवळ स्तुतीसाठी आलेला भाग कोणता आणि युक्तिवादाने सिद्ध केलेला भाग कोणता, हे पाहावयाचे. गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात टिळकांनी याच कसोट्या हाती घेतल्या आहेत.

आता ज्या श्लोकाच्या आधारे हा भेद पाहावयाचा तो श्लोक. बाराव्या अध्यायाचा बारावा श्लोक घेऊ. त्यात चार गोष्टींची चढती श्रेणी सांगितली आहे. अभ्यासाहून ज्ञान श्रेष्ठ, ज्ञानाहून ध्यान श्रेष्ठ, ध्यानाहून कर्मफलाचा त्याग श्रेष्ठ, आणि त्या त्यागाच्या पाठोपाठ शांती. इतका भाग वाचला तर अर्थ सरळ दिसतो. संसारात राहून, आपले काम करीत, त्याच्या फळाची आशा सोडणारा गृहस्थ हा ध्यान लावून बसणाऱ्यापेक्षा वरच्या पायरीवर आहे. शेतकरी, कारकून, शिक्षक, घर चालविणारी गृहिणी, या सर्वांच्या जीवनाला गीतेने दिलेले हे मोठेच स्थान आहे.

परंतु या श्लोकाच्या आधीचे चार श्लोक वाचले की अडचण उभी राहते. आठव्या श्लोकात भगवंत अर्जुनास आपले मन व बुद्धी पूर्णपणे आपल्या ठिकाणी ठेवावयास सांगतात. नवव्यात म्हणतात, ते साधत नसेल तर अभ्यासाने साध. दहाव्यात, अभ्यासही होत नसेल तर माझ्यासाठी कर्मे कर. अकराव्यात, तेही जमत नसेल तर सर्व कर्मांच्या फळांचा त्याग कर. म्हणजे आठपासून अकरापर्यंत पायऱ्या खाली उतरत आहेत, आणि अगदी शेवटी, ज्याला काहीच जमत नाही त्याच्यासाठी म्हणून, फलत्याग सांगितला आहे. आणि लगेच बाराव्या श्लोकात तोच फलत्याग सर्वांच्या वर नेऊन बसविला आहे! जो उपाय असमर्थासाठी सांगितला तोच श्रेष्ठ कसा? भर म्हणून बाराव्या श्लोकात 'हि' हे अव्यय आहे. 'हि' म्हणजे 'कारण'. तेव्हा बारावा श्लोक स्वतंत्र नाही, तो अकराव्याचे कारण म्हणून आला आहे. गृहस्थाच्या जीवनाला गीतेने पहिले स्थान दिले की सांत्वनाचे शेवटचे स्थान दिले, हा प्रश्न या एका सांध्यावर येऊन ठेपतो.

येथे तीन वाचक तीन मार्गांनी जातात.

पहिले शंकराचार्य. त्यांचे भाष्य श्लोकवार आहे आणि त्यांनी क्रमालाच प्रमाण मानले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, फलत्याग हा उपाय आरंभी सांगितलेला नाही. आधीचे उपाय करण्यास जो असमर्थ आहे, कर्मात गुंतलेला व अद्याप अज्ञ आहे, त्याच्यासाठी तो सांगितला आहे. म्हणून बाराव्या श्लोकातील श्रेष्ठत्व ही त्या उपायाची स्तुती आहे. साधकाने तो उत्साहाने आचरावा एवढाच तिचा हेतू. आठ ते बारा हे पाच श्लोक एका ओळीत वाचणाऱ्या कोणालाही हे म्हणणे निराधार वाटणार नाही.

दुसरे टिळक. त्यांच्या विवेचनात हा श्लोक एकटा उभा नसतो. फलाशा सोडून कर्म करण्याचा उपदेश दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात आहे. पाचव्याच्या बाराव्या श्लोकात फलत्यागी पुरुषाला शांती मिळते असे म्हटले आहे, म्हणजे बाराव्या अध्यायात जे फळ सांगितले तेच तेथेही आहे. सहाव्याच्या पहिल्याच श्लोकात फळाचा आश्रय न करता कर्म करणाऱ्यालाच संन्यासी व योगी म्हटले आहे. अठराव्याच्या अकराव्यात खरा त्यागी म्हणून कर्मफलत्याग करणाऱ्याचीच गणना आहे. एक गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितलेली असेल तर ती नुसती स्तुती कशी म्हणावी? मीमांसकांच्या कसोट्यांपैकी 'अभ्यास', म्हणजे पुनरुक्ती, ही कसोटी येथे 'अर्थवाद', म्हणजे स्तुती, या सबबीला बाद ठरविते. म्हणून टिळकांच्या मते बाराव्या श्लोकातील श्रेष्ठत्व शब्दशः खरे आहे, आणि ते पोकळ स्तुती ठरविणे ही संन्यासमार्गी टीकाकारांची ओढाताण आहे. गीता सबंध डोळ्यांसमोर ठेवणाऱ्याला हे म्हणणेही निराधार वाटणार नाही.

तिसरे ज्ञानेश्वर. त्यांची टीका श्लोकवार आहे. पण त्यांनी अडचण बाराव्या श्लोकापर्यंत येऊच दिली नाही. अकराव्या श्लोकावरच्या ओव्यांत, फलत्याग सांगून होताच, ते एक गोष्ट नोंदवून ठेवतात. हा त्याग दिसावयास सोपा दिसतो खरा, पण सगळ्या योगांत तोच अग्रभागी असणारा आहे. म्हणजे 'असमर्थाचा उपाय' हा शिक्का बसण्यापूर्वीच त्यांनी तो पुसून टाकला. त्यामुळे बारावा श्लोक येतो तेव्हा त्यांना स्तुतीचीही गरज पडत नाही आणि वादाचीही. अभ्यास, ज्ञान, ध्यान, त्याग हे त्यांच्या दृष्टीने एका वाटेवरचे मुक्काम आहेत आणि वाट शांतीपाशी जाऊन पोहोचते. हे सर्व ते मोजक्या ओव्यांत उरकतात आणि तेराव्या श्लोकापासून सुरू होणाऱ्या भक्तलक्षणांकडे वळतात. कारण त्यांच्या दृष्टीने शांती हा शेवट नसून, भगवंताला प्रिय असणाऱ्या भक्ताचे वर्णन तिच्यापासूनच सुरू व्हावयाचे आहे.

या तिघांच्या तुलनेतून पद्धतीविषयी काही निश्चित बोध होतो. श्लोकवार वाचणाऱ्याला पहिला लाभ होतो तो संदर्भाचा. फलत्याग कोणाला, कोणत्या उपायांनंतर, कोणत्या अपयशाच्या पाठीवर सांगितला आहे, हे त्याला कळते. विषयवार वाचणाऱ्याला लाभ होतो तो सुसंगतीचा. एकच गोष्ट गीतेने पाच ठिकाणी सांगितली आहे आणि ती पाच ठिकाणी एकमेकांना आधार देते, हे त्याला कळते. पहिल्याला पाचव्या अध्यायातील शांती आठवत नाही; दुसऱ्याला बाराव्या अध्यायातील 'हि' दिसत नाही. प्रत्येक पद्धत जे दाखविते त्याच्याच सावलीत तिने झाकलेली वस्तू असते.

दुसरे उदाहरण अर्जुनाच्या प्रश्नांचे. कर्म आणि संन्यास यांविषयी अर्जुन तीनदा विचारतो: तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, पाचव्याच्या आरंभी आणि अठराव्याच्या आरंभी. विषयवार ग्रंथात ही तिन्ही स्थळे एका प्रकरणात एकत्र येतात आणि 'कर्म सोडू नये' या एका उत्तराचे तीन पुरावे होतात. गीतारहस्यातील 'संन्यास व कर्मयोग' हे अकरावे प्रकरण याच प्रश्नाला वाहिलेले आहे. ग्रंथ काय म्हणतो हे ठरविण्यास तसे करणे आवश्यकच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट हरवते. एकदा उत्तर मिळाल्यावर अर्जुन पुन्हा का विचारतो?

त्याचे उत्तर क्रमात आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटच्या भागात ज्ञानाची महती वाढत जाते. ज्ञानाचा अग्नी सर्व कर्मांना जाळतो, ज्ञानासारखे पवित्र काही नाही, असे सांगून एक्केचाळिसाव्या श्लोकात कर्मांचा योगाने संन्यास केलेल्या पुरुषाची प्रशंसा येते. आणि लगेच बेचाळिसाव्या श्लोकात अर्जुनाला योग आचरून उठावयास सांगितले आहे. एका श्लोकात संन्यास, पुढच्याच श्लोकात 'ऊठ'. ऐकणारा गोंधळला नसता तरच नवल होते. पाचव्या अध्यायातील प्रश्न या दोन श्लोकांच्या सांध्यातून जन्मला आहे. तो मंदबुद्धीच्या शिष्याने पुन्हा केलेला प्रश्न नव्हे. नीट ऐकणाऱ्याचा प्रश्न आहे. विषयवार पद्धतीत अर्जुन नाहीसा होतो आणि सिद्धांत उरतो. श्लोकवार पद्धतीत अर्जुन सतत समोर असतो, पण त्याच्या तिन्ही प्रश्नांना मिळालेले उत्तर एकच होते की नाही, हे पाहण्याची सवड सहसा मिळत नाही.

येथवर ऐकून असा समज होऊ शकेल की श्लोकवार टीकाकार निःपक्षपाती असतो आणि विषयवार लेखक आपले मत लादतो. हा समज दूर केला पाहिजे. शांकरभाष्याचेच उदाहरण घ्या. आचार्यांनी पहिल्या अध्यायावर आणि दुसऱ्याच्या आरंभीच्या श्लोकांवर पदशः भाष्य केलेले नाही. त्यांचे खरे विवरण दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून, जेथे भगवंतांचा उपदेश सुरू होतो तेथून, चालू होते. आणि सर्वकर्मसंन्यासपूर्वक आत्मज्ञान हे गीतेचे तात्पर्य त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. म्हणजे विषय येथेही आधी ठरलेला आहे, तो फक्त दारात उभा आहे. उलट टिळक ग्रंथाचा आरंभ व शेवट ही कसोटी लावतात तेव्हा त्यांना पहिलाच अध्याय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युद्ध करावे की नाही, या पेचाने गीता सुरू झाली आणि अठराव्याच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन सांगितल्याप्रमाणे करावयास सिद्ध झाला. तेव्हा मधला उपदेश कर्म सोडण्याचा असणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. एकाने कोठून आरंभ केला आणि दुसऱ्याने कोठून, येथेच अर्ध्या निष्कर्षाचा निर्णय झालेला आहे.

श्लोकवार टीकेतील ओढा ओळखण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे विस्तार मोजणे. ज्ञानेश्वरीत सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. सरासरीने श्लोकास तेरा ओव्या होतात. पण तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगणाऱ्या पाच श्लोकांवर शेकडो ओव्या आहेत, आणि त्यांतील 'अहिंसा' या एका शब्दाला शंभरावर ओव्या मिळाल्या आहेत. उलट, ज्या बाराव्या श्लोकावर इतरांनी वाद घातला तेथे ज्ञानेश्वर क्षणभरच थांबतात. श्लोकांचा क्रम त्यांनी मोडला नाही. पण कोठे थांबावयाचे हे मात्र त्यांचे त्यांनी ठरविले. या थांबण्याच्या जागा जोडीत गेल्यास ज्ञानेश्वरांचा स्वतःचा विषय हाती लागतो. तो वादापेक्षा आचरणाकडे आणि अंतःकरणाच्या मार्दवाकडे झुकलेला आहे.

विषयवार ग्रंथातील दोष वेगळ्या ठिकाणी शोधावे लागतात. पहिला दोष न घेतलेल्या श्लोकांचा. फलत्यागाचे श्रेष्ठत्व सांगणाऱ्याने ज्ञानाच्या पवित्रतेविषयीचा चौथ्या अध्यायाचा अडतिसावा श्लोक आणि ज्ञानी भक्ताला आपला आत्मा म्हणणारा सातव्याचा अठरावा श्लोक विचारात घेतला आहे काय, हे पाहावे. टिळकांनी ज्ञानाला आपल्या सिद्धांतात स्थान दिले आहे. त्यांचा कर्मयोग ज्ञानमूलक आहे. सर्वच विषयवार लेखक इतकी काळजी घेतात असे नाही. दुसरा दोष शब्दाचा. एकच शब्द सर्वत्र एकाच अर्थी घेतला की गोळा केलेली स्थळे फसवितात. बाराव्या अध्यायात ज्ञानाहून ध्यान श्रेष्ठ, आणि चौथ्यात ज्ञानासारखे दुसरे काही नाही. दोन्ही ठिकाणी 'ज्ञान' म्हणजे एकच असेल तर गीता स्वतःशीच भांडते असे होईल. 'योग' शब्दाची तीच स्थिती आहे. दुसऱ्या अध्यायात तो समत्व आणि कर्मातील कौशल्य या अर्थांनी येतो, सहाव्याच्या तेविसाव्या श्लोकात दुःखाच्या संयोगाचा वियोग या अर्थाने, तर दहाव्या व अकराव्यात ईश्वरी सामर्थ्याच्या अर्थाने. गीतेत हा शब्द व त्याचे समास सुमारे ऐंशी वेळा आले असून चारपाच स्थळे सोडल्यास त्याचा अर्थ पातंजल योग होत नाही, हे टिळकांनी मोजून दाखविले आहे. ही मोजणी विषयवार पद्धतीचे सामर्थ्य दाखविते. पण प्रत्येक स्थळी कोणता अर्थ आहे, हे ठरविण्यासाठी मोजणाऱ्याला त्या त्या श्लोकाजवळ जाऊन पदाचा अर्थ करावाच लागतो. म्हणजे विषयवार विवेचनाचा पाया श्लोकवार वाचनातच असतो.

ही गोष्ट टिळकांना पूर्ण ठाऊक होती, आणि त्याचा पुरावा त्यांच्या ग्रंथाच्या रचनेत आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ बहुतेकांना त्याच्या पंधरा प्रकरणांमुळे माहीत आहे. पण त्या प्रकरणांनंतर व परिशिष्टानंतर गीतेचे मूळ श्लोक, त्यांचे मराठी भाषांतर आणि टिपा आहेत. आधी विषय, मग श्लोक. शिवाय चौदावे प्रकरण खास अध्यायांची संगती लावण्यासाठी लिहिलेले आहे. विषयांची मांडणी केल्यावर क्रमाचे ऋण फेडलेच पाहिजे, अशी ही व्यवस्था आहे. बाराव्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकावरची टीप याच उत्तरार्धात येते. ज्या वाचकाने पंधरा प्रकरणे वाचून पुस्तक परत केले त्याला टिळकांचा सिद्धांत कळतो, पण तो सिद्धांत अडचणीच्या श्लोकाशी कसा झुंजतो ते कळत नाही.

तेव्हा ग्रंथपालास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका ग्रंथाच्या नावाने देता येणार नाही. वाचनाच्या रीतीने द्यावे लागेल. विषयवार ग्रंथ वाचताना ज्या श्लोकावर लेखकाचा भर आहे तो मूळ गीतेत काढावा आणि त्याच्या आधीचे चार व नंतरचे दोन श्लोक वाचावे. तो कोणाच्या तोंडी आहे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्यात एखादे 'हि' किंवा 'तु' आहे काय, हे पाहावे. श्लोकवार टीका वाचताना उलट करावे. टीकाकाराने एका शब्दाचा जो अर्थ केला तो वहीत टिपून ठेवावा आणि तोच शब्द पुढे आला की त्याने तोच अर्थ ठेवला की बदलला, आणि बदलला तर कारण दिले की नाही, हे पडताळावे. बाराव्या अध्यायातील शांतीवरील टीका वाचताना पाचव्या अध्यायातील शांतीवर त्याच टीकाकाराने काय लिहिले ते पुन्हा काढून पाहावे. या कामाला फार विद्वत्ता लागत नाही. गीतेची एक साधी प्रत, तिच्या शेवटी छापलेली श्लोकानुक्रमणी आणि एक वही एवढे पुरते.

फलत्याग हा संसारी माणसाचा पहिला मार्ग की शेवटचा, याचा निर्णय शंकराचार्य, ज्ञानेश्वर आणि टिळक यांनी आपापल्या परीने दिला आहे. वाचकानेही तो स्वतःसाठी द्यावयाचा आहे, कारण प्रश्न त्याच्याच रोजच्या कामाचा आहे. मात्र तो देण्यापूर्वी बाराव्या अध्यायातील त्या पाच श्लोकांची ओळ आणि गीताभर पसरलेली फलत्यागाची इतर स्थळे, ही दोन्ही त्याच्यासमोर एकाच वेळी उघडी असली पाहिजेत. कपाटात हे दोन ग्रंथ शेजारी उभे असतात. वाचकाच्या मेजावरही ते तसेच शेजारी असावेत.